बीमच्या रिंगची कटिंग लेंथ: हूक आणि बेंड धरून सळई नेमकी किती कापायची? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आधी सरळ उत्तर सांगा, २३० बाय ४५० च्या बीमला ८ एमएमची रिंग कितीची कापायची?

कव्हर २५ एमएम, दोन्ही टोकांना १३५ अंशाचा हूक आणि हुकाचं सरळ टोक ६५ एमएम धरलं तर १२८६ एमएम येतं, साइटवर १२९० कापा. हा आकडा कसा आला ते खाली सगळं सांगितलंय आणि ते वाचाच, कारण बऱ्याच बार बेंडिंग शेड्यूलच्या, म्हणजे बीबीएस शीटमध्ये याच रिंगला १२२४ लिहिलेलं असतं आणि त्या सहासात सेंटिमीटरच्या फरकात हुकाचं जवळपास अर्धं टोक जातं. या पानावर मी हाच एक बीम शेवटपर्यंत धरणार आहे, साधी चौकोनी दोन लेगची बंद रिंग, म्हणजे आकडे डोक्यात राहतील.

रिंगचं माप बीमच्या मापातून कसं काढायचं?

बीमच्या रुंदीतून दोन्ही बाजूचं कव्हर वजा करा आणि खोलीतून वरचं आणि खालचं कव्हर वजा करा, जे उरतं ते रिंगचं बाहेरून बाहेर माप. आपल्या बीममध्ये २३० वजा ५० म्हणजे १८०, आणि ४५० वजा ५० म्हणजे ४००. चारी बाजूंची बेरीज केली की १८० आणि ४०० चे दुप्पट, म्हणजे ११६०. हा झाला बाहेरचा घेर.

इथे एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवायची, कव्हर हे काँक्रीटच्या बाहेरच्या तोंडापासून रिंगच्या बाहेरच्या अंगापर्यंत मोजतात, आतल्या मेन सळईपर्यंत नाही. आयएस ४५६ मध्ये नॉमिनल कव्हर सगळ्या स्टीलला लागू आहे, रिंगसकट. कोणी २५ एमएम मेन सळईपर्यंत धरलं तर रिंग दोन्हीकडून ८-८ एमएमने मोठी होते, १९६ बाय ४१६ ची बनते आणि रिंगवर फक्त १७ एमएम कव्हर राहतं. मग २५ चा कव्हर ब्लॉक बसत नाही म्हणून फिटर तो काढून टाकतो किंवा शटरिंगला रिंग घासत ठेवतो, आणि पुढे बीमच्या कडेने जी गंजाची उभी रेघ दिसते ती बरोबर रिंगच्याच जागी असते.

बीमवर स्लॅब आहे, मग खोली स्लॅबच्या खालून धरायची की वरून?

वरून. ड्रॉइंगमध्ये बीमची खोली साधारणपणे स्लॅबची जाडी धरूनच दिलेली असते, म्हणून रिंग स्लॅबच्या वरच्या लेव्हलपासून कव्हर सोडून खाली येते. शंका असेल तर सेक्शन बघा, तिथे डायमेन्शनची रेघ कुठून कुठे आहे ते स्पष्ट दिसतं. स्लॅबखाली दिसणारा भाग मोजून रिंग केली तर ती थेट १००-१५० एमएमने बुटकी होते आणि ते बांधल्यावर लगेच कळतं, सगळं वरचं स्टील स्लॅबच्या पोटात बुडालेलं दिसतं.

जिथे दोन बीम एकमेकांना छेदतात तिथे मात्र थोडं थांबून विचार करायला लागतो. दोन्ही बीमची वरची लेव्हल एकच असते पण दोन्हींच्या वरच्या सळया एकाच लेव्हलला बसू शकत नाहीत, एकीला दुसरीच्या खालून जावं लागतं. ज्या बीमच्या सळया खालून जाणार त्याच्या रिंगची उंची वरून जाणाऱ्या सळईच्या डायएवढी कमी ठेवली तर सांध्यावर नीट बसतं, नाहीतर वरच्या सळया स्लॅबच्या वर डोकं काढतात. किती कमी करायची हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून ठरवा कारण वरचं स्टील खाली गेलं की त्या सेक्शनची इफेक्टिव्ह डेप्थ कमी होते.

बेंडसाठी लांबी वजा का करायची? आणि ते "९० ला २डी" कुठून आलं?

आपण बाजू बाहेरच्या कोपऱ्यापासून मोजल्या, पण सळई कोपऱ्यापर्यंत जातच नाही, ती आधीच वळते. म्हणजे बाहेरून मोजताना कोपऱ्यातली जी लांबी धरली ती सळईत प्रत्यक्ष लागत नाही, म्हणून वजा करायची.

आकड्यांत बघू. डी म्हणजे सळईचा डाय. ८ एमएमची सळई, बेंडची आतली त्रिज्या २डी म्हणजे १६ एमएम (सळई वळवायच्या पाट्यावरची पिन ३२ एमएम जाडीची). बाहेरची त्रिज्या १६ अधिक ८, म्हणजे २४. कोपऱ्यात दोन्ही बाजूंच्या मिळून २४ आणि २४, असे ४८ एमएम आपण मोजले. सळई मात्र मधल्या रेषेवर वळते, तिची त्रिज्या २० आणि ९० अंशाच्या वळणाची लांबी ३१.४ एमएम. ४८ मधून ३१.४ गेले, उरले १६.६ एमएम, ते भागिले ८ म्हणजे २.०७डी. हेच ते २डी. म्हणजे हा ठोकताळा खरा आहे, फक्त तो आतली त्रिज्या २डी असताना खरा आहे. त्रिज्या १डी असेल तर वजावट १.६४डी होते आणि ३डी असेल तर २.५डी. त्रिज्या मोठी तेवढा कोपरा जास्त कापला जातो, तेवढी वजावट जास्त.

आपल्या रिंगला ९० अंशाचे कोपरे तीन. चौथ्या कोपऱ्यावर दोन्ही हूक येतात, तो ९० मध्ये मोजायचा नाही. काहीजण चार कोपरे धरून ८डी वजा करतात, ते चूक.

आणि १३५ च्या हुकाला ३डी वजा करायचं ना?

इथेच सगळा घोळ आहे, म्हणून या प्रश्नाला जरा जास्त वेळ देतो.

पाठ केलेलं सूत्र असं असतं की ४५ ला १डी, ९० ला २डी, १३५ ला ३डी वजा करा. ऐकायला छान क्रम वाटतो, पण १३५ चा ३डी भूमितीतून असा येत नाही. हुकाच्या कोपऱ्यावर काय होतं ते बघा. बाजू बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत मोजली, त्यातले शेवटचे २४ एमएम वळणात जातात, ते वजा. मग सळई १३५ अंश वळते, मधल्या रेषेची त्रिज्या २० असल्याने या वळणाची लांबी ४७.१ एमएम, ती अधिक. आणि त्यानंतर हुकाचं सरळ टोक सुरू होतं. म्हणजे वळणाचा हिशोब केला तर ४७.१ वजा २४, उरतात २३.१ एमएम, साधारण २.९डी, आणि ते अधिक करायचे आहेत, वजा नाही.

म्हणजे सरळ टोक वेगळं मोजणार असाल तर १३५ च्या प्रत्येक हुकाला ३डी मिळवायचे. लोक तेच ३डी वजा करतात. एका हुकामागे ६डी चा फरक, दोन हुकांचा १२डी, ८ एमएमच्या सळईत जवळपास ९६ एमएम. हुकासाठी टोक १०डी धरून, म्हणजे सुरुवातीलाच जास्त देऊन, ती चूक थोडी झाकली जाते आणि म्हणूनच इतकी वर्षं ती पकडली जात नाही.

मग नेहमीच्या सूत्राने १२२४ येतं त्याचं प्रत्यक्षात काय होतं?

ते सूत्र असं मांडलेलं असतं, A आणि B म्हणजे रिंगची बाहेरून बाहेर मापं आणि d म्हणजे सळईचा डाय:

```
L = 2(A+B) + 2×10d − 3×2d − 2×3d
  = 1160 + 160 − 48 − 48
  = 1224
```

आता १२२४ ची सळई घेऊन खरंच १८० बाय ४०० ची रिंग वळवा. बाहेरचा घेर ११६०, तीन कोपऱ्यांचे मिळून साधारण ५० वजा, दोन हुकांच्या वळणाचे साधारण ४६ अधिक, म्हणजे ११५६ ते ११५७. १२२४ मधून हे गेले की दोन्ही सरळ टोकांना मिळून ६७ एमएम उरतात, एकेका टोकाला जेमतेम ३४ एमएम. शीटवर १०डी म्हणजे ८० लिहिलेलं, ड्रॉइंगवर ६५ मागितलेलं आणि रिंगवर ३४.

"हूक १०डी" म्हणजे नक्की काय, वळणासकट १०डी की वळण संपल्यावर सरळ १०डी, हे शीटवर कुठेच लिहिलेलं नसतं, आणि मला वाटतं खरी अडचण तीच आहे. ड्रॉइंगमध्ये आणि कोडमध्ये जे टोक मागितलेलं असतं ते वळण संपल्यानंतरचं सरळ टोक असतं. शीट बनवणारा ते एका अर्थाने घेतो, वळवणारा दुसऱ्या अर्थाने आणि मध्ये टोक आखूड होतं.

मग बरोबर सूत्र कोणतं?

```
L = 2(A+B) − 3×2.07d + 2×2.89d + 2t
  ≈ 2(A+B) + 2t − 0.5d
```

इथे A आणि B ही रिंगची बाहेरून बाहेर मापं, t हे हुकाचं सरळ टोक आणि d सळईचा डाय. गंमत बघा, तीन कोपऱ्यांची वजावट ६.२डी आणि दोन हुकांच्या वळणाची वाढ ५.८डी, दोन्ही एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात. उरतो अर्धा डी, ८ एमएमला फक्त ४ एमएम. म्हणून माझ्या मते १३५ हुकाच्या बंद रिंगसाठी साइटवर लक्षात ठेवायला याहून सोपं काहीच नाही: बाहेरचा घेर अधिक दोन सरळ टोकं, बाकी विसरा. ११६० अधिक १३०, झाले १२९०. काटेकोर आकडा १२८६ आणि वर ४ एमएम हे कापण्याच्या फरकातच बसतात.

हे फक्त चार बाजूंच्या बंद रिंगला आणि दोन्ही टोकं १३५ ची असतानाच चालतं. डायमंड रिंग, सिंगल लिंक, उघडी यू रिंग यांचे कोपरे वेगळे असतात, तिथे प्रत्येक वळण वेगळं मोजायचं.

सरळ टोक किती ठेवायचं?

ड्रॉइंगवर दिलेलं असेल तर तेच. नसेल तर आयएस ४५६ प्रमाणे रिंगचं टोक ९० अंशात वळवलं तर वळणापुढे ८डी, १३५ ला ६डी आणि १८० ला ४डी. भूकंपासाठी डक्टाइल डिटेलिंग लागू असेल तर आयएस १३९२०, त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत १३५ चा हूक आणि ६डी टोक, पण ६५ एमएमपेक्षा कमी नाही. ८ एमएमला ६डी म्हणजे ४८ होतात, म्हणून तिथे ६५ च धरायचं. १० एमएमलाही ६० होतात, तिथेही ६५. १२ एमएमला ७२, तिथे ७२ धरायचं. त्याआधीच्या १९९३ च्या आवृत्तीत १०डी आणि किमान ७५ एमएम होतं, जुन्या ड्रॉइंगच्या नोट्समध्ये ते अजून दिसतं. नोटमध्ये ७५ लिहिलं असेल तर ७५ द्या, कोड बदलला म्हणून स्वतःहून कमी करू नका.

टोक दोन-तीन सेंटिमीटरने आखूड राहिलं तर एवढं काय बिघडतं?

रिंगचं काम बंद राहणं आहे. बीमवर शिअर आला की रिंगच्या उभ्या लेगमध्ये ओढ येते आणि ती ओढ टोकाच्या हुकावर जाऊन थांबते. वरच्या कोपऱ्यातली सळई आणि आतलं काँक्रीट मिळून हुकाला धरून ठेवतात. भूकंपात बीमच्या टोकाजवळ बाहेरचं कव्हर उडतं, तेव्हा ९० चा हूक ज्या काँक्रीटमध्ये बसलेला असतो तेच निघून जातं आणि तो दार उघडावं तसा उघडतो. १३५ चं टोक मात्र आत तिरपं, रिंगच्या आतल्या काँक्रीटमध्ये जातं, म्हणून कव्हर गेलं तरी ते पकडून राहतं. पण आत पुरेसं गेलं तरच. ३४ एमएमच्या टोकापैकी आत सरळ खोली मिळते फक्त २४ एमएम, कारण ते ४५ अंशात तिरपं असतं, आणि ६५ चं असेल तर ४६.

शिवाय आखूड टोकाला पाट्यावर धरायला जागाच पुरत नाही, चावीत टोक नीट बसत नाही म्हणून फिटर ते १३५ पर्यंत वळवू शकत नाही, ११०-१२० वर सोडून देतो. म्हणजे लांबी कमी आणि कोनही कमी. साइटवर हूक अर्धवट वळलेले दिसले की लगेच फिटरला दोष देऊ नका, आधी कटिंग लेंथ तपासा.

९० चा हूक चालत असेल तर लांबी किती?

जिथे इंजिनिअरने ९० ला परवानगी दिली आहे तिथे प्रत्येक हुकाच्या वळणाची वाढ साधारण १डी येते (२.९ नाही), टोक ८डी म्हणजे ६४. तीन कोपऱ्यांचे ६.२डी वजा, दोन हुकांचे १.९डी अधिक, म्हणजे ४.३डी वजा. ११६० वजा ३५ अधिक १२८, १२५३ एमएम. बघा, ९० चा हूक आणि ६४ चं टोक असलेल्या रिंगलासुद्धा १२२४ पुरत नाही.

आमच्या पाट्यावर पिन बारीक आहे, १६ एमएमची. मग हे आकडे चुकतील का?

थोडे बदलतील, पण सुरक्षित बाजूला. १६ ची पिन म्हणजे आतली त्रिज्या ८, म्हणजे १डी. कोपऱ्याची वजावट १६.६ ची १३.२ होते, हुकाच्या वळणाची वाढ २३ ची १२ होते. सगळं मिळून ४ ऐवजी १५ एमएम वजा. म्हणजे १२९० ची सळई या पाट्यावर वळवली तर प्रत्येक टोक ६५ ऐवजी ७२ च्या आसपास येईल. जास्त आलं तर काही बिघडत नाही.

बारीक पिनचा प्रश्न लांबीचा नाही, सळईचा आहे. जास्त ताकदीची सळई फार घट्ट वळवली की वळणाच्या बाहेरच्या अंगाला, रिबच्या मुळाशी बारीक चिरा पडू शकतात. वळवलेला कोपरा उजेडात धरून बघा, बाहेरच्या बाजूला आडवी रेघ दिसली तर पिन बदलायची वेळ आली आहे. आणि वळवलेला हूक चुकला म्हणून सरळ करून परत वळवणं, हे तर अजिबात करू नका, ती रिंग बाजूला टाका.

काहीजण रिंगच्या आतल्या मापावरून काढतात, काही मधल्या रेषेवरून. कोणतं बरोबर?

तिन्ही बरोबर, फक्त एकाचं माप आणि दुसऱ्याची वजावट असं मिसळायचं नाही. आतून मोजलं तर रिंग १६४ बाय ३८४, दुप्पट बेरीज १०९६, त्यात ७.५डी म्हणजे ६० आणि दोन टोकांचे १३० मिळवा, १२८६. मधल्या रेषेवरून १७२ बाय ३९२, दुप्पट बेरीज ११२८, त्यात ३.५डी म्हणजे २८ आणि १३०, परत १२८६. एकच सळई आहे, उत्तर एकच यायला हवं, आणि तुमच्या दोन पद्धतींनी दोन उत्तरं येत असतील तर कुठेतरी मापं मिसळली आहेत असं समजा.

साइटवर बाहेरचं माप धरणं मला जास्त बरं वाटतं कारण कव्हर बाहेरून मोजतात आणि टेपही बाहेरूनच लागते.

रिंग लांब कापली तर स्टील वाढेल ना? ठेकेदार म्हणतो १२२४ नेच करू, बचत होते.

सळई कापून बघा मग बोला. १२ मीटरची सळई घेतली तर १२२४ च्या रिंगा निघतात ९, आणि शेवटी ९८४ एमएमचा तुकडा उरतो. १२९० च्या रिंगाही निघतात ९ च, तुकडा उरतो ३९० एमएमचा. म्हणजे रिंगची संख्या तीच, सळया तेवढ्याच, फक्त एका पद्धतीत स्टील रिंगेत गेलं आणि दुसरीत तुकड्याच्या ढिगात. १३३३ एमएमपर्यंत कापलं तरी ९ निघतात.

पूर्ण बीमवर बघू. समजा दोन कॉलमच्या तोंडांमधलं अंतर ४ मीटर, पहिली रिंग तोंडापासून ५० एमएमवर, शेवटची तशीच, आणि मधे सगळीकडे १५० चं अंतर. (खऱ्या ड्रॉइंगमध्ये टोकांजवळ अंतर कमी असतं, इथे सोपं करायला एकच धरलंय.) ४००० वजा १०० म्हणजे ३९००, भागिले १५० म्हणजे २६ गाळे, रिंगा २७. सळईला ९ प्रमाणे बरोबर ३ सळया. १२२४ ने कापा की १२९० ने, लागणार ३ च. ८ एमएमचं वजन मीटरला ०.३९५ किलो, म्हणजे तिन्ही सळया मिळून १४.२ किलो, त्यातले १२९० च्या हिशोबाने १३.८ किलो बीममध्ये जातात.

दुसऱ्या मापाच्या बीमला हा योग जुळेलच असं नाही, तिथे कदाचित एक रिंग कमी निघेल. पण हिशोब नेहमी पूर्ण सळईवर करा, एका रिंगवर नाही. आणि सळई १२ मीटर आहे असं गृहीत धरू नका, आलेल्या बंडलमधल्या दोनतीन मोजून बघा.

हिशोब बरोबर पण तरी रिंगा वेगवेगळ्या येतात, एक टोक ८० आणि दुसरं ५०. का?

दोन टोकांची बेरीज १३० च येत असेल तर कापणं बरोबर आहे, वळवण्याच्या खुणा चुकल्या आहेत. वळवणारा एका टोकाचा हूक आधी करतो, मग एकेक बाजू, आणि प्रत्येक कोपऱ्यात दोनतीन एमएम इकडेतिकडे झाले की ते सगळे जमा होऊन शेवटच्या हुकात येतात. पाट्यावरच्या खिळ्यांच्या जागा नीट करून घेतल्या की हे थांबतं.

टोकांची बेरीजच कमीजास्त येत असेल तर मग कापण्यात गडबड आहे. याचं नेहमीचं कारण म्हणजे आधी कापलेला तुकडा माप म्हणून ठेवून पुढचा कापणं, मग त्यावरून पुढचा. प्रत्येक वेळी एकदोन एमएम सरकतात आणि पन्नासाव्या रिंगपर्यंत बराच फरक पडतो. एकच पहिला तुकडा रंग लावून मास्टर म्हणून ठेवा, किंवा त्याहून चांगलं, कटिंगच्या ठिकाणी पक्का स्टॉपर ठोका.

सगळ्या रिंगा करण्याआधी कसं तपासायचं?

एक सळई हिशोबाने कापा आणि एकच रिंग वळवा. पहिल्यांदा बाहेरून बाहेर माप घ्या, १८० आणि ४०० येतं का. मग दोन्ही कर्ण मोजा, सारखे नसतील तर रिंग तिरकी आहे. मग हुकाचं टोक, आणि हे वळण जिथे संपतं तिथून मोजायचं, कोपऱ्यापासून नाही. वळण कुठे संपतं ते नजरेने कळत नसेल तर सरळ पट्टी टोकाला लावा, पट्टी जिथे सळईपासून सुटते तिथे वळण सुरू. कोन बघायला हुकाचं टोक समोरच्या कोपऱ्याच्या दिशेने, म्हणजे आत ४५ अंशात जातंय का ते बघा. बाजूला समांतर जात असेल तर तो ९० आहे, कागदावर काहीही लिहिलेलं असो.

वळवताना सळई किंचित ताणली जाते त्यामुळे प्रत्यक्षात टोक हिशोबापेक्षा दोनचार एमएम जास्त भरू शकतं. तुमच्या पाट्यावर, तुमच्या पिनवर काय येतं ते या पहिल्या रिंगवर दिसतं, त्याप्रमाणे कटिंग लेंथ पाच एमएमने बदला आणि मगच बाकीच्या कापा. बाहेरचं माप चुकलं असेल तर मात्र कटिंग लेंथ बदलू नका, खिळे बदला.

६५ चं टोक केलं तर वरच्या सळयांना अडतं, मधली सळई बसत नाही. मग कापायचं का?

कापायचं नाही. टोक कोपऱ्यापासून आडवं साधारण ४६ एमएम आत येतं, वर वळणाचा भाग असतोच. रिंगची आतली रुंदी १६४, त्यात वर तीन सळया असतील तर मधलीला टोक लागू शकतं. एक करा, हुकाचा कोपरा एकाआड एक रिंगला डावीकडे आणि उजवीकडे फिरवत बांधा, तसंही हूक एकाच सळईवर ओळीने येऊ नयेतच. मधली सळई रिंगा बांधून झाल्यावर टोकांच्या खालून ओढून घेता येते. तरीही बसत नसेल तर प्रश्न रिंगचा नाही, त्या रुंदीत सळया जास्त झाल्यात, तो डिझाइनवाल्याकडे न्या.

१० आणि १२ एमएमच्या रिंगला लांबी खूप वाढते का?

नाही, त्याच बीमला १० एमएमची रिंग १२८५ येते, कारण बाहेरचं माप तेच आणि टोकही ६५ च. १२ एमएमला टोक ७२ होतं म्हणून १२९८. पाठ केलेल्या १०डीच्या सूत्राने मात्र १० एमएमला १२४० आणि १२ एमएमला १२५६ येतं, म्हणजे तिथेही कमीच.

एक्सेलमध्ये टाकायला सूत्र द्या ना.

A2 मध्ये बीमची रुंदी, B2 मध्ये पूर्ण खोली, C2 मध्ये कव्हर, D2 मध्ये रिंगचा डाय, सगळं एमएममध्ये. चारी बाजूंना कव्हर एकच असेल तरच हे चालतं.

```
=2*(A2+B2-4*C2)+2*MAX(65,6*D2)-0.5*D2
```

२३०, ४५०, २५, ८ टाकून बघा, १२८६ यायला हवं. तो आकडा वरच्या ५ च्या पटीत नेऊन शीटवर लिहा, आणि त्याच ओळीत शेजारी "सरळ टोक ६५, वळण संपल्यावर" एवढं नक्की लिहा, म्हणजे वळवणाऱ्याला काय मोजायचं ते कळेल आणि तपासणाऱ्यालाही.